आईचा श्वास थांबला नव्हता, तरी कार्बन डायऑक्साइड 88 वर कसा गेला?

रातांबी (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री 9.40

गेल्या पंधरवड्यात घरात जे घडलं ते जरा सविस्तर लिहिते. इथे डॉक्टर आणि सिस्टर मंडळी आहेत, त्यांनी समजावून सांगावं ही विनंती.

आई 67 वर्षांची, आमचं गाव राजापूर तालुक्यात. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. स्वयंपाक, आंघोळीचं पाणी, शिवाय भात उकडायचे ते मोठे हंडे. चार वर्षांपूर्वी सीओपीडीचं, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, निदान झालं. पंप घेते, घरकाम करते, चढ मात्र चढवत नाही.

आषाढातल्या झडीत तिला ताप आणि खोकला झाला, तिसऱ्या दिवशी बोलायलाही दम पुरेना. जवळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ऑक्सिमीटर 78 दाखवत होता. नाकात नळी घालून 1 लिटर ऑक्सिजन लावला. दोन तास आकडा 78-79 वरच. भावाने वाढवायला सांगितलं, तर उत्तर मिळालं, "यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. यांचा मेंदू ऑक्सिजनच्या कमतरतेवरच श्वास घेतो. ऑक्सिजन वाढवला तर श्वास थांबेल." मग कोल्हापूरला न्या म्हणाले.

खासगी अ‍ॅम्ब्युलन्समधल्या माणसाने 78 आकडा बघितला आणि लगेच पिशवीवाला मास्क लावून 10 लिटर सोडला. दहा मिनिटांत 99. वाटेत दोनदा वाफ दिली, तीही त्याच सिलिंडरवर. तोवर गुडघ्यावर हात टेकून बसलेली, तळमळणारी आई अणुस्कुरा घाट चढेपर्यंत शांत झोपली. आम्हाला वाटलं, बिचारीला तीन रात्रींनी झोप लागली. भावाच्या डोक्यात ते "श्वास थांबेल" बसलेलं होतं, म्हणून तो घड्याळ लावून श्वास मोजत होता. निघताना मिनिटाला 28, घाटमाथ्यावर 24. थांबला तर नाहीच.

कोल्हापुरात आई हाकेला डोळे उघडेना. रक्ताच्या तपासणीत पीएच 7.21, कार्बन डायऑक्साइड 88, बायकार्बोनेट 34. लगेच दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारा बायपॅप लावला. दुसऱ्या दिवशी पीएच 7.36 आणि कार्बन डायऑक्साइड 62. नवव्या दिवशी घरी आणलं, आता बरी आहे.

पहिल्या ठिकाणी म्हणाले वाढवू नका, दुसऱ्याने भरपूर वाढवला. बरोबर कोण होतं? आणि श्वास चालू असताना हा वायू इतका वाढला कसा?

---

सिस्टर_देवगड | रात्री 10.05

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मी अठरा वर्षं वॉर्डात काम करते. आम्हाला शिकवलं ते असं: सीओपीडीच्या पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कायमच जास्त असतो, त्यामुळे मेंदू त्याला दाद देईनासा होतो. मग श्वास चालतो तो ऑक्सिजन कमी असल्याच्या इशाऱ्यावर. भरपूर ऑक्सिजन दिला की तो इशाराही बंद होतो आणि पेशंट श्वास घेणं सोडतो. याला हायपोक्सिक ड्राइव्ह म्हणतात. म्हणून 2 लिटरच्या वर कधी जायचं नाही. पहिल्या ठिकाणचे लोक बरोबर होते, चूक अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याची.

---

निळा_समुद्र | रात्री 10.20

म्हणजे ऑक्सिजन विषारी असतो का? कोरोनात आम्ही पाच लिटरचं मशीन घेतलं, ते अजून घरात आहे. बाबांना दमा आहे, धाप लागली की अर्धा तास लावतो. बंद करू का?

---

खाडीकाठ | रात्री 11.15

मी रत्नागिरी जिल्ह्यात छातीच्या रोगांची प्रॅक्टिस करतो. रातांबीताई, तुमच्या भावाने मोजलेले ते दोन आकडे, 28 आणि 24, या धाग्यातली सर्वात मोलाची गोष्ट आहे. तिथूनच सुरू करू.

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते मलाही तसंच शिकवलं होतं आणि आजही बऱ्याच ठिकाणी तसंच शिकवतात. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. मानेतल्या रक्तवाहिनीजवळ ऑक्सिजन जोखणाऱ्या गाठी असतात आणि ऑक्सिजन वाढला की त्यांचा इशारा मंदावतो, हे खरं आहे. चूक पुढच्या पायरीत आहे. इशारा मंदावला म्हणून श्वास थांबतो आणि कार्बन डायऑक्साइड मुख्यतः त्यामुळेच वाढतो, हे मोजून पाहिल्यावर टिकलं नाही.

ओबिए आणि सहकाऱ्यांनी 1980 साली ते मोजलं. सीओपीडी बिघडून दाखल झालेल्या रुग्णांना त्यांनी शुद्ध ऑक्सिजन दिला. सुरुवातीला श्वास मंदावला, पण पंधरा मिनिटांनी मिनिटाला आतबाहेर होणारी एकूण हवा आधीच्या 93 टक्क्यांवर परत आली होती. आणि त्याच वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड सरासरी 23 ने वाढलेला होता. श्वास जवळजवळ तितकाच, तरी वायू 23 ने वर. कमी झालेल्या श्वासाच्या खात्यात त्यातले 5 च्या आसपासच जमा होतात. बाकीचे कुठून आले, हाच खरा प्रश्न.

ताईंच्या आईचंही तेच झालं. 28 चे 24 झाले, यात श्वास थांबण्यासारखं काहीच नव्हतं. (नुसती संख्या पुरत नाही, प्रत्येक श्वास किती खोल होता हेही लागतं आणि ते गाडीत कळत नाही. पण दिशा कळते.)

बाकीचं उद्या सकाळी लिहितो, घाईत लिहिण्याचा विषय नाही.

निळा_समुद्र, तुमच्या बाबांचा प्रश्न वेगळा आहे. विषारी वगैरे काही नाही, पण धाप लागल्यावर आधी पंप आणि डॉक्टर, मशीन नव्हे. ऑक्सिमीटर किती दाखवतो ते न बघता मशीन लावत असाल तर ते थांबवा, आणि बाबांना एकदा तपासून घ्या.

---

गुरुजी_संगमेश्वर | बुधवार, सकाळी 6.30

मी निवृत्त विज्ञान शिक्षक, वैद्यकातलं फार कळत नाही. मला वाटतं घाटाचा परिणाम झाला असावा. वर हवा विरळ, त्यामुळे फुप्फुसाला जास्त कष्ट. खाली राजापुरातच ठेवलं असतं तर एवढं झालं नसतं.

---

खाडीकाठ | सकाळी 8.10

गुरुजी, घाटामुळे कार्बन डायऑक्साइड वाढला नाही. पण विरळ हवेचा मुद्दा मोडीत काढू नका, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता उरलेल्या आकड्यांचा हिशोब. इथे बागायतदार बरेच आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो.

पोफळीच्या बागेत आपण पाटाने शिंपणं करतो. एखाद्या आळ्यातलं झाड मेलेलं असलं, तर तिकडचं तोंड मातीने बुजवतो आणि ते पाणी जिवंत झाडांकडे वळवतो. फुप्फुस हे स्वतःच करतं. सीओपीडीत फुप्फुसाचे काही भाग असे असतात की नळ्या अरुंद, कफाने भरलेल्या, हवा नीट पोचतच नाही. तिथे ऑक्सिजन कमी पडला की त्या भागातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त चांगल्या भागांकडे वळतं. ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या दोघांनी 1946 साली मांजरांवर हे दाखवून दिलं.

आता त्या माणसाला दहा लिटर ऑक्सिजन द्या. वाईट भागातही थोडा थोडा ऑक्सिजन झिरपतो. वाहिन्यांना वाटतं, इथे सगळं ठीक आहे. त्या सैल होतात, बुजवलेलं तोंड उघडतं आणि रक्त पुन्हा वाईट भागाकडे जातं. पण तिथे ये-जा करणारी हवा काही वाढलेली नसते, ती पूर्वीइतकीच तोकडी. ऑक्सिजन झिरपून आत येऊ शकतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला मात्र हवा हलावी लागते. म्हणून तिथे गेलेलं रक्त कार्बन डायऑक्साइड घेऊनच परत येतं. तिकडे चांगल्या भागात हवा भरपूर, पण रक्त कमी झालेलं. तो श्वास फुकट जातो. छाती तेवढीच हलते आणि काम कमी होतं. ओबिए यांच्या 23 मधले सुमारे 11 या खात्यातले.

दुसरं खातं रक्ताचं. हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलं की त्याची कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायची ताकद कमी होते, याला हाल्डेन परिणाम म्हणतात. धडधाकट माणूस तो सुटलेला वायू दोन श्वास जास्त घेऊन बाहेर टाकतो. ज्याची छाती आधीच थकलेली आहे त्याला ते जमत नाही आणि वायू रक्तातच राहतो. सुमारे 7 इथले.

सिस्टर, या दोन्ही गोष्टींत मेंदूचा काही संबंध नाही. श्वास पूर्ण जोरात चालू असताना हे घडतं.

---

सिस्टर_देवगड | सकाळी 8.50

डॉक्टर, पाटाचं उदाहरण पटलं. पण मग आमचा 2 लिटरचा नियम तर बरोबरच ठरला ना? कारण कुठलंही असो, ऑक्सिजन जास्त द्यायचा नाही.

---

खाडीकाठ | सकाळी 9.30

नाही. कारण चुकीचं धरलं की माणूस दोन्ही बाजूंनी चुकतो, आणि ताईंच्या आईच्या बाबतीत एकाच दिवसात दोन्ही चुका झाल्या.

पहिल्या ठिकाणी "श्वास थांबेल" या भीतीने 78 वर दोन तास ठेवलं. 78 ही धोक्याची पातळी आहे. ऑक्सिजनच्या अभावी हृदय आणि मेंदू मिनिटांत बिघडतात, कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस बेशुद्ध व्हायला तास लागतात. 1 लिटरने भागत नसेल तर 2, तरी नसेल तर 3 किंवा 4, आकडा 88 होईपर्यंत वाढवलंच पाहिजे. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने 2008 पासून लिहून ठेवलंय आणि 2017 मध्ये पुन्हा तेच सांगितलंय: ज्यांच्यात हा वायू साठण्याचा धोका आहे त्यांना 88 ते 92 च्या मध्ये ठेवायचं. नियम लिटरचा नाही, आकड्याचा आहे. कुणाला त्यासाठी अर्धा लिटर पुरतो, न्यूमोनिया असेल तर सहा लागतात.

दुसऱ्या चुकीबद्दल मला जास्त वाईट वाटतं, कारण तिथे सगळे जागरूक होते. भाऊ श्वास मोजत होता. ज्या गोष्टीची भीती घातली होती ती घडतेय का, यावर डोळा ठेवून होता. ती घडलीच नाही, म्हणून सगळे निर्धास्त झाले. नेमकं बघायचं होतं ते म्हणजे झोप. तळमळणारा माणूस 99 वर जाऊन गाढ झोपला, की ती विश्रांती समजायची नाही, आधी हाक मारून बघायची. त्या वेळी हात हातात घेतला असता तर गरम लागला असता, नाडी ठणठणीत उडत असती. हात पुढे धरायला सांगितले असते तर पंजे पक्ष्याच्या पंखासारखे फडफडले असते. ऑक्सिमीटरला यातलं काहीच दिसत नाही. तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही.

---

रातांबी | सकाळी 10.15

डॉक्टर, हात गरम होते. मी धरून बसले होते. मला वाटलं ताप आहे.

---

खाडीकाठ | सकाळी 10.25

ताई, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही हात धरून बसला होता हेच पुष्कळ.

---

घाटवळण | दुपारी 1.40

मी अ‍ॅम्ब्युलन्सवर डॉक्टर म्हणून सहा वर्षं काढली आहेत, फोंडा आणि गगनबावडा दोन्ही वाटांनी. त्या माणसाची बाजू म्हणून नाही, पण गाडीत काय असतं ते सांगतो. पिशवीवाला मास्क असतो, साधा मास्क असतो, नाकातली नळी असतेच असं नाही. व्हेंच्युरी मास्क मी फार थोड्या गाड्यांत बघितला. (निळ्या तोटीचा 24 टक्के देतो, पांढऱ्या तोटीचा 28. माणूस कसाही श्वास घेवो, प्रमाण साधारण तेच राहतं, हा त्याचा फायदा.) नातेवाईक आकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात. 90 दिसला तर "अजून वाढवा" म्हणतात, 99 दिसला की आशीर्वाद देतात. 90 वर ठेवून शांत बसायला धीर लागतो.

दुसरं, वाफेचं. त्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. नेब्युलायझर सिलिंडरवर चालवला की औषधाचं धुकं व्हायला 6 ते 8 लिटर सोडावा लागतो. नळीवर 1 लिटर जपून ठेवलेल्या पेशंटला वाफेच्या निमित्ताने वीस मिनिटं आठ लिटर मिळतो, आणि दिवसातून चार-पाच वेळा. अशा पेशंटची वाफ हवेच्या मशीनवर द्यायची आणि नाकात 1-2 लिटर चालू ठेवायचा. मशीन नसेल तर सहा मिनिटांवर थांबवायची, तेवढ्यात बहुतेक औषध गेलेलं असतं. किंवा सरळ स्पेसर लावून पंपाचे फवारे.

टास्मानियातल्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये झालेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. धाप लागलेले 405 पेशंट. काहींना नेहमीसारखा 8 ते 10 लिटर मास्कने, काहींना मोजून 88 ते 92 वर. पुढे ज्यांना सीओपीडी असल्याचं नक्की झालं, त्यांच्यात पहिल्या गटातले 9 टक्के दगावले, दुसऱ्यातले 2 टक्के. औषध तेच, रस्ता तोच, फरक फक्त नॉब किती फिरवला याचा. हे वाचल्यापासून मी गाडीत स्वतःची नळी ठेवतो.

---

दशावतार | दुपारी 3.05

आमच्या बापाशीक दोन वर्षां झाली मशीन लावून. डॉक्टरांनी सांगितल्यानी दिवसाक पंधरा तास, 1 लिटर. पन पावसात लाईट जाता, मगे सिलिंडर काढूचो लागता. आवशीक वाटता 1 लिटर म्हणजे कायच नाय, ती गुपचूप 3 वर करता. सकाळी उठले काय तेंचा डोक्या दुकता म्हणतत. ह्या तेच्यामुळेच काय?

---

खाडीकाठ | दुपारी 4.20

दशावतार, शक्यता दाट आहे. सकाळची डोकेदुखी हे रात्री कार्बन डायऑक्साइड चढल्याचं नेहमीचं लक्षण. झोपेत श्वास तसाही उथळ होतो, त्यात 3 लिटर. आईंना समजावून सांगा आणि 1 वर खूण करा. पण तेवढ्यावर थांबू नका. 1 लिटरवर असतानाही डोकं दुखत राहिलं तर रक्ताची तपासणी करून घ्या. मशीन काढून मात्र टाकू नका. ज्यांचा ऑक्सिजन कायम फार कमी असतो त्यांचं आयुष्य दिवसाला पंधरा तास किंवा जास्त ऑक्सिजनने वाढतं, हे 1980 आणि 1981 च्या दोन मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालंय.

---

गुरुजी_संगमेश्वर | संध्याकाळी 5.30

शंका आहे. कोल्हापुरात पोचल्यावर 88 आकडा आला. कारण जादा ऑक्सिजन असेल तर त्या क्षणी मास्क काढून टाकला की काम झालं, नाही का? बायपॅप कशाला?

---

सिस्टर_देवगड | संध्याकाळी 5.45

हो गुरुजी, आमच्याकडे तसंच करतात. पेशंट झोपायला लागला की आधी ऑक्सिजन बंद.

---

खाडीकाठ | रात्री 9.00

सिस्टर, यावर मी हात जोडून लिहितो आहे. असं करू नका. याने माणसं दगावतात. गुरुजी, तुमची विरळ हवा इथे कामाला येते. गणित सोपं आहे.

समुद्रकाठी हवेतून श्वासाबरोबर आत येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब साधारण 150 असतो, पाऱ्याच्या मिलिमीटरात. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे तो 140 च्या आसपास. फुप्फुसाच्या फुग्यात ही जागा कार्बन डायऑक्साइडलाही लागते. तो जितका जास्त, तितका ऑक्सिजन कमी. हिशोब असा: कार्बन डायऑक्साइडचा आकडा 0.8 ने भागायचा आणि आत येणाऱ्या ऑक्सिजनमधून वजा करायचा.

आईंचा एरवीचा आकडा 62 च्या जवळपास धरू. 62 भागिले 0.8 म्हणजे 78. गावी असताना 150 वजा 78, फुग्यात 72 उरतात. रक्तात त्याहून कमी पोचतात, पण त्यावर त्या वर्षानुवर्षं घरकाम करत होत्या.

आता कोल्हापुरातला क्षण. 88 भागिले 0.8 म्हणजे 110. मास्क काढला तर साध्या हवेतले 140 वजा 110, उरले 30. म्हणजे दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तेव्हापेक्षाही खाली. शरीरात ऑक्सिजनचा साठा जवळजवळ नसतोच, तो एक-दोन मिनिटांत घसरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र सगळ्या शरीरात मुरलेला असतो, तो उतरायला बराच वेळ घेतो. या मधल्या काळात हृदय बंद पडू शकतं.

म्हणून काढायचा नाही, उतरवायचा. पिशवीचा मास्क काढून 28 टक्क्यांचा व्हेंच्युरी किंवा नळीवर 2 लिटर, नजर ऑक्सिमीटरवर, 88 ते 92 धरून. तेवढ्यावर पीएच 7.35 च्या खालीच राहिला आणि वायू उतरत नसला, तर बायपॅप. तो छातीचं काम वाटून घेतो, खराखुरा वायू बाहेर काढतो. कोल्हापुरात 7.21 ला वेळ न घालवता लावला, योग्य केलं.

---

सिस्टर_देवगड | रात्री 9.35

हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षांत कोणी सांगितलं नाही. एक पेशंट आठवले, त्याबद्दल इथे लिहीत नाही. उद्या ड्यूटीवर हे गणित कागदावर मांडून आमच्या मॅडमना दाखवते.

---

भरती_ओहोटी | रात्री 10.50

मी कोकणातलीच, आता पुण्यात फुप्फुसरोगात एमडी करते आहे. सरांच्या बहुतेक मांडणीशी सहमत, पण एका ठिकाणी अडते. "मेंदूचा संबंध नाही" हे जरा जास्त झालं. रॉबिन्सन यांच्या गटाने 2000 साली असेच रुग्ण तपासले आणि ऑक्सिजनवर ज्यांचा वायू वाढतो व ज्यांचा वाढत नाही, असे दोन गट वेगळे केले. ज्यांचा वाढला त्यांच्यात एकूण श्वसन साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झालेलं होतं. ज्यांचा वाढला नाही त्यांच्यात तसं झालं नाही. ओबिए यांनी सगळ्यांची सरासरी काढली, सरासरीत असे रुग्ण झाकले जातात. हायपोक्सिक ड्राइव्ह ही दंतकथा म्हणून सोडून देण्यापेक्षा, तो अनेक कारणांतला एक आणि माणसागणिक कमीजास्त, असं म्हणावं.

---

खाडीकाठ | रात्री 11.20

मान्य. मी दोन खात्यांबद्दल तसं म्हणालो होतो, पण वाचणाऱ्याचा समज तुम्ही म्हणता तसा होऊ शकतो. श्वास थोडा मंदावणं आणि थांबणं यात फरक आहे, तेवढा धरून ठेवू. कुठल्या रुग्णात कुठलं खातं मोठं, हे खाटेजवळ उभं राहून ओळखायची सोय मला तरी माहीत नाही. उपचार तिन्हीचा एकच आहे, त्यामुळे मला ते खटकत नाही. तुमच्या पिढीला खटकावं.

---

भरती_ओहोटी | रात्री 11.40

अजून एक वाद आमच्याकडे चालू असतो. सीओपीडी आहे, पण तपासणीत कार्बन डायऑक्साइड नॉर्मल निघाला, तर 94 ते 98 वर न्यायचं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. 2021 मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णालयांतली पाहणी आली, तिच्यात वायू नॉर्मल असलेल्यांमध्येही 92 च्या वर ठेवलेले जास्त दगावलेले दिसले. पण ती नुसती पाहणी आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. आमच्या युनिटमध्ये दोन सर दोन बाजूंना आहेत.

---

खाडीकाठ | गुरुवार, सकाळी 7.50

मी सीओपीडी म्हटलं की सगळ्यांनाच 88 ते 92 वर ठेवतो. तालुक्याच्या ठिकाणी एबीजीचं, म्हणजे रक्तातले वायू आणि पीएच मोजायचं मशीन नसतं, नमुना पाठवून उत्तर येईपर्यंत अर्धा दिवस जातो. ज्याचं मशीन बाजूच्या खोलीत आहे त्याने वेगळं ठरवलं तर मी वाद घालणार नाही.

---

निळा_समुद्र | सकाळी 9.10

बाबांचा ऑक्सिमीटर काल 96 होता, मशीन न लावता. आमचे डॉक्टर म्हणाले हे मशीन विकून टाका. पण मग दम्याच्या माणसालाही 88 ते 92 च ठेवायचं का?

---

घाटवळण | सकाळी 9.45

नाही दादा, नुसता दमा असेल तर 94 ते 98. 88 ते 92 हे सीओपीडीवाले, खूप स्थूल असून झोपेत श्वास अडकणारे, पाठीला मोठं कुबड असलेले, स्नायूंचा आजार असलेले, यांच्यासाठी. दम्याच्या तीव्र झटक्यात ऑक्सिजन रोखून धरलात तर फार नुकसान होईल.

---

रातांबी | सकाळी 11.30

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. एक विचारायचं राहिलं. तिचा आकडा एरवीही 62 असेल हे डॉक्टरांना कशावरून कळलं? आधी कधी तपासणी झालीच नव्हती.

---

खाडीकाठ | दुपारी 12.15

बायकार्बोनेट 34 वरून. कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस जास्त राहिला की मूत्रपिंडं रक्तात बायकार्बोनेट साठवून पीएच सावरतात. एरवी ते 24 च्या आसपास असतं. 34 व्हायला दिवस लागतात, अ‍ॅम्ब्युलन्समधल्या तीन तासांत ते होत नाही. म्हणजे साठा जुना होता, त्यावर त्या दिवशी नवीन भर पडली. 62 ला पीएच 7.36 वर आला, याचा अर्थ 62 च्या आसपास त्यांचं शरीर रुळलेलं आहे. तरी हा अंदाज आहे. आणखी दोन-तीन आठवड्यांनी, पूर्ण बऱ्या असताना, पुन्हा एबीजी करा. तेव्हाही 53 च्या वर असेल तर रात्री घरी बायपॅप लावायचा विचार करावा लागेल. ऑक्सिजन मशीन घरी घ्यायचं की नाही तेही तेव्हाच ठरवा, आत्ता घाईने विकत घेऊ नका.

---

दशावतार | दुपारी 2.00

आवशीक सगळा वाचून दाखवलंय. नॉबाक चिकटपट्टी लावलंय. काल रात्री 1 वर ठेवलंव, आज सकाळी डोक्या दुकूक नाय म्हणाले. एकाच दिवसाचा आसा, तरी सांगतंय. तपासणी सोमवारी करतंव, कुडाळाक.

---

रातांबी | रात्री 8.20

भावाने आज एक कार्ड करून प्लास्टिकमध्ये घातलंय. एक आईच्या पंपाच्या पिशवीत, एक वडिलांच्या पाकिटात, एक देवाजवळ. त्यावर असं लिहिलंय:

"मला सीओपीडी आहे. माझ्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो (88, पीएच 7.21, बायकार्बोनेट 34). ऑक्सिजन जरूर द्या, पण 88 ते 92 वर ठेवा. कमी असेल तर वाढवा, जास्त असेल तर हळूहळू उतरवा, एकदम काढू नका. वाफ हवेच्या मशीनवर द्या. मला झोप येऊ लागली तर उठवून बघा आणि एबीजी करा."

घाटवळण, तुमच्या अनुभवावरून सांगा, गाडीतला माणूस एवढं वाचेल का? की अजून छोटं करू?

---

घाटवळण | रात्री 8.55

पहिली ओळ बदला. "88 ते 92" सर्वात वर, मोठ्या अक्षरात, लाल शाईने. बाकीचं तसंच राहू द्या. आणि पिशवीत नाकातली नळी ठेवा. मेडिकलमध्ये मिळते, फार महाग नसते. कार्ड वाचलं तरी गाडीत नळी नसेल तर तो मास्कच लावणार. तसं झालंच तर नळी त्याच्या हातात द्या.